शब्द लागत नाही

इंदापूरच्या तहसील कचेरीसमोरच्या गल्लीत मुबशिरा शेखचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय, 'मराठी टायपिंग, झेरॉक्स, अर्ज लिहून मिळतील.' दुकान केवढं, तर एक टेबल, एक संगणक, एक झेरॉक्स मशीन आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. दोघं आली की एकानं बाहेर उभं राहायचं. पण तालुक्यातल्या कुठल्याही गावात जुना कागद निघाला, शाई पसरलेली निघाली, कोपरा कुरतडलेला निघाला, की म्हणतात, "मुबशिराला दाखव जरा."

ही सगळी तिच्या अब्बांची, सिकंदरभाईंची, पुण्याई. ते कचेरीच्या आवारात चिंचेखाली टाइपरायटर घेऊन बसायचे. जुन्या कागदाची नक्कल करताना अक्षर ओळखलं नाही, तर तिथं कंस करून लिहायचे, 'अक्षर लागत नाही'. एवढे तीन शब्द त्यांनी आयुष्यात किती वेळा बडवले असतील, देव जाणे. लोक कुरकुरायचे. "सिकंदरभाई, अंदाजानं टाका की काहीतरी!" त्यावर ते म्हणायचे, "अंदाज माझा, जमीन तुमची. कशाला घोळ घालता?"

मुबशिरा त्यांच्याच हाताखाली शिकली. आणि तरी बारा वर्षांपूर्वी, बावीस वर्षांची असताना, तिनं एकदा अंदाज टाकला. त्याची गोष्ट पुढे येईलच. तूर्तास एवढंच सांगायचं, की ती गोष्ट तिनं कुणालाही सांगितलेली नव्हती. अब्बांनासुद्धा नाही, आणि ते तर गेले.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दुपारी निरवांगीचा दिग्विजय दुकानात आला. हा तिथल्या डाळिंब उत्पादक गटाचा सचिव. बारामतीला शेतीचा डिप्लोमा केलेला, गाडीवर बसल्या बसल्या फोनवर बोलणारा, सगळं कालच झालं पाहिजे असं वाटणारा गडी. गटानं बुधवारी एक व्याख्यान ठेवलं होतं. सोलापूरकडच्या डाळिंबाच्या तज्ज्ञ सुप्रिया मॅडम येऊन दीड तास बोलून गेल्या होत्या. विषय, आंबे बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत धरायच्या बहाराची, पानगळ.

"मुबशिराताई, ह्याची टिपणी करायची. गटातल्या निम्म्या लोकांना यायला जमलं न्हाय. उद्या संध्याकाळपर्यंत पायजे, सोमवारपासनं लोकं फवारणीला लागत्यात," दिग्विजयनं मोबाइल पुढं केला. "हे नीट झालं ना, तर वर्षभराची आठ व्याख्यानं हायत. सगळी तुमच्याकडंच."

आठ व्याख्यानं म्हणजे बरं काम होतं. कचेरीत हल्ली सगळं ऑनलाइन निघतं, लोक मोबाइलवरच अर्ज भरतात. दुकान किती दिवस चालेल याचा घोर मुबशिराला होताच. ती लगेच हो म्हणाली.

मग तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि कपाळाला हात लावला.

व्याख्यान गटाच्या पॅकहाउसमध्ये झालं होतं. शीतगृहाचा कॉम्प्रेसर चालू होता, त्याची घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत. आणि दिग्विजयनं मोबाइल ठेवला कुठं, तर स्वतःच्या शर्टाच्या खिशात. साहेब जरा हलले की खर्रखर्र. साहेब खोकले की जणू कानात फटाका.

"टेबलावर ठेवायचा न्हाय का, दादा?"

"मग फोन आला असता तर?" दिग्विजय म्हणाला आणि निघून गेला.

तिनं कामाला सुरुवात केली. पहिल्या पानाच्या डोक्यावर खुणांचा अर्थ लिहिला. जे साधं लिहिलंय ते स्पष्ट ऐकू आलेलं. कंसात शब्द आणि पुढं प्रश्नचिन्ह असेल तर 'असं वाटतं, खात्री नाही'. आणि काहीच कळलं नाही तिथं कंसात 'शब्द लागत नाही', सोबत रेकॉर्डिंगमधलं मिनिट आणि सेकंद, म्हणजे ज्याला शंका असेल त्यानं स्वतः जाऊन ऐकावं.

पहिल्या फेरीत तेवीस जागा अडल्या. दुसऱ्या फेरीत पंखा बंद केला, शटर अर्धं ओढलं, तेव्हा काही सुटल्या. काही ठिकाणी दिग्विजयनं काढलेले पडद्याचे फोटो कामी आले. एका खताचं नाव तिला अर्धंच ऐकू येत होतं, ते फोटोत छापील दिसलं. ते तिनं लिहिलं आणि शेजारी 'पडद्यावरून' अशी नोंद केली. शेवटी आठ जागा उरल्या. त्यातल्या सात तशा बिनमहत्त्वाच्या, कुठं गावाचं नाव, कुठं कुणाला मारलेली हाक.

आठवी होती एक्केचाळिसाव्या मिनिटाला. मॅडम म्हणत होत्या, "पानगळीचं औषध लिटरला..." आणि नेमका तिथं कुणीतरी चहाचा ट्रे पाडला. स्टीलचे ग्लास फरशीवर नाचले. त्या खणखणाटातून बाहेर आलं "...मिली, पानं बघून", आणि पुढं दिग्विजयच्या खिशाची खर्रखर्र.

लिटरला किती मिली?

तिनं परत ऐकलं. दीड. परत ऐकलं. अडीच. दीडमधला 'ड' आणि अडीचमधला 'डी' दोन्ही त्या ग्लासांच्या आवाजात तोंड वर काढत होते आणि परत बुडत होते. गती कमी करून पाहिली, तर मॅडम दारू प्यायल्यासारख्या बोलायला लागल्या आणि ग्लास आणखीच लांबले. त्या वेळच्या पडद्याचा फोटो पाहिला. फोटो होता, पण पडद्याच्या मध्यभागी कुणाचातरी फेटा. मॅडमना फोन लावला, बंद. त्या राजस्थानात बागांच्या पाहणीला गेल्या होत्या असं कळलं. मग तिनं अकरा सेकंदांचा तुकडा कापून मेसेज पाठवला. 'इथे आपण काय म्हणालात ते कृपया सांगावे.' दीड का अडीच, असं मुद्दाम विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर त्या दोनातलंच आलं असतं.

मेसेजवर एकच खूण दिसत राहिली. पोचलाच नव्हता.

हा आकडा किरकोळ नव्हता, हे एव्हाना तिला कळलं होतं. झाडाला पाण्याचा ताण दिल्यावर पानं पाडायला हे औषध मारतात. कमी पडलं तर पानं लटकून राहतात, जास्त झालं तर काड्या शेंड्याकडून वाळत येतात. हे सगळं त्याच रेकॉर्डिंगमध्ये मॅडमनी स्वच्छ सांगितलं होतं. फक्त आकडाच ग्लासांनी खाल्ला होता.

संध्याकाळी घरी गेली तरी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी तव्यावर करपली. अम्मीच्या कानाला तिनं मोबाइल लावला. "काय ऐकू येतं, सांग फक्त."

"दीड," अम्मी म्हणाली.

भाऊ नईम भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. तो जेवता जेवता म्हणाला, "मला ऐकव. दीड हाय व्हय?" तुकडा ऐकून म्हणाला, "दीडच की."

मुबशिरानं पुन्हा लावला. "आता अडीच म्हणतायत का, ते बघ."

नईमचा घास तोंडात तसाच राहिला. "आयला! आता अडीच वाटतंय."

सांगितलं की तसंच ऐकू येतं. मग आपण स्वतः काय ऐकतोय, कुणाचं ऐकतोय? दुपारपासून पन्नासदा तरी ऐकलं होतं. आता तिच्या कानावर तिचाच भरवसा उरला नव्हता.

शनिवारी पहाटे नईमच्या टेम्पोत वांग्यांच्या क्रेटशेजारी बसून ती बारामतीला गेली. तिथं अविराज म्हणून एकजण लग्नकार्याला ध्वनिव्यवस्था लावतो, त्याच्याकडं आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर होतं. त्यानं कॉम्प्रेसरची घरघर पाच मिनिटांत घालवली. मुबशिरा हरखली. मॅडमचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा इतका जवळ आला.

"आणि ग्लास?"

"त्ये न्हाय जायचे," अविराज मान हलवत म्हणाला. "घरघर कशी, एकसुरी हाय. ती वेगळी काढता येती. ग्लास पडलेत बोलण्याच्या अगदी डोक्यावर. ते काढले तर बोलणंबी जातं. आणि जास्त घासलं ना ताई, तर नसलेला शब्दबी असल्यावानी ऐकू येतो. मी लगीनघरातली भाषणं दुरुस्त करतो, मला म्हाईत हाय."

"तुम्हांला काय वाटतं?"

"अडीच," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण माझ्यावर सोडू नका."

एसटीनं परत येताना तिनं खिडकीशी बसून पुन्हा ऐकलं. पुन्हा. शेजारची बाई म्हणाली, "कुणाचं भांडण ऐकतीस गं इतकं?"

दुपारी टिपणी पूर्ण झाली. एक्केचाळिसाव्या मिनिटाच्या जागी तिनं लिहिलं: 'पानगळीचं औषध लिटरला [शब्द लागत नाही, दोन-तीन शब्द असावेत, दीड? अडीच?] मिली, पानं बघून.' खाली टीप दिली, 'मॅडमना विचारले आहे, उत्तर आल्याशिवाय हा आकडा वापरू नये.'

दिग्विजयनं ते वाचलं आणि त्याचं डोकंच फिरलं.

"ताई, सगळं व्याख्यान ह्याच आकड्यासाठी ठेवलं हुतं! आणि तुमी तिथंच भोक पाडून ठेवलंय?"

"भोक तुमच्या रेकॉर्डिंगला आहे दादा. मी फक्त दाखवलं."

"सगळे अडीचच मारत्यात!"

"सगळे काय मारतात ते लिहायचं असतं तर व्याख्यान कशाला हवं होतं? मॅडम काय म्हणाल्या ते मला हवंय."

दिग्विजयनं मोबाइल काढला. त्यातल्या एका ॲपनं रेकॉर्डिंग ऐकून सगळा मजकूर आपोआप लिहून दिला होता. सुबक, एकही कंस नाही, एकही प्रश्नचिन्ह नाही. एक्केचाळिसाव्या मिनिटाला ठळक 'अडीच'.

"हे बघा. मशीनला ऐकू येतंय."

मुबशिरानं अविराजनं साफ केलेली फाइल दिग्विजयच्याच मोबाइलवर घेतली आणि त्याच ॲपला दिली. दोघं बघत बसले. मजकूर तसाच सुबक आला. फक्त अडीचच्या जागी 'दीड' होतं, तेही तितक्याच ठसक्यात.

तरी दिग्विजयची समजूत काही पटली नाही. "तुमाला फार किडे करायची सवय हाय," असं म्हणून गाडीला किक मारली. संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर त्यानं मुबशिराची टिपणी टाकली आणि पाठोपाठ स्वतःची ॲपवाली सुबक प्रतही टाकली. आठ व्याख्यानांचं काम गेलं, हे तिनं मनाशी धरून टाकलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोला.

रविवारी सकाळी फोन वाजला.

"मुबशिरा, मी द्वारका बोलतीया. निरवांगीची."

मुबशिरा उभीच राहिली. द्वारकाबाईंचा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता. ही तीच बाई, जिच्या नावावर तिनं बारा वर्षांपूर्वी अंदाज टाकला होता.

झालं होतं असं. द्वारकाबाईंचे सासरे वारले तेव्हा वारसनोंदीचा अर्ज टाइप करायला त्यांचा दीर आला होता. सोबत वारसांची हातानं लिहिलेली जुनी यादी होती, तिच्यावर शाई सांडलेली. विधवा सुनेचं नाव 'द्' नं सुरू होऊन 'बाई' वर संपत होतं, मधलं काही लागत नव्हतं. दिराला एसटी गाठायची होती. अब्बा नमाजला गेले होते. मुबशिरानं विचारलं, "द्रौपदाबाई का?" दीर न बघताच म्हणाला, "व्हय व्हय, टाका." सही करून तो पळाला. फेरफारावर द्रौपदाबाई चढली आणि द्वारकाबाई जिवंत असून आपल्याच जमिनीत अनोळखी झाली. दुरुस्तीसाठी ती तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या चढत होती. मुबशिरा चिंचेखालून तिला बघायची आणि मान खाली घालायची. शेवटी प्रतिज्ञापत्रावर भागलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदावर लिहावं लागतं, 'द्रौपदाबाई ऊर्फ द्वारकाबाई'.

"आक्का, बोला ना."

"लेकीचं बाळंतपण हुतं, मला व्याख्यानाला जाता आलं न्हाय. आता तुझ्या कागदावर कंस हाय आणि दिग्विजयच्या कागदावर आकडा हाय. उद्या सकाळी आठला फवारणीचा पंपवाला येतोय. कुणाचं धरू?"

मुबशिराला एवढंच म्हणायचं होतं, अडीच धरा. सगळे तेच मारतात, दिग्विजय म्हणतो, अविराज म्हणतो. एक शब्द बोलली असती तर द्वारकाबाईंचीही घालमेल संपली असती आणि तिचीही. तोंडाशी आलं होतं.

"आक्का, मला ऐकू आलेलं नाही. मी सांगू शकत नाही. थांबता येईल का?"

"पंपवाला गेला तर आठ दिवस गावत न्हाय बाई. बाग ताणावर हाय. किती थांबू?"

"मॅडमचं उत्तर येईपर्यंत."

मग द्वारकाबाई म्हणाल्या, "बघती," आणि फोन ठेवला.

त्या रविवारी मुबशिरानं दुकान दोनदा उघडलं आणि दोनदा बंद केलं. गिऱ्हाइकाच्या आधारकार्डाची झेरॉक्स उलटी काढली. दर दहा मिनिटांनी मोबाइल बघितला, एकच खूण. अम्मी म्हणाली, "बस की जरा, पायाला भिंगरी लागलीय का?" तिला बसवेना. मी सावध राहिले म्हणून बाग गेली तर? कंस टाकून आपण हात झटकले, असं तर नाही? अब्बा असते तर विचारलं असतं. पण अब्बांच्या कागदाला कधी पंपवाला थांबलेला नसायचा.

सोमवारी साडेसातला दोन खुणा उमटल्या. पावणेआठला सुप्रिया मॅडमचा आवाजी मेसेज आला. मागं कोंबडा आरवत होता, पण बोलणं स्वच्छ होतं.

"ताई, तुमचा तुकडा ऐकला. मलासुद्धा माझंच बोलणं कळत नाहीये! पण मी प्रत्येक गावात तिथं एकच वाक्य बोलते. 'दीड ते अडीच मिली, पानं बघून.' ताण चांगला बसून पानं पिवळी पडली असतील तर दीड पुरे. हिरवी राहिली असतील तर अडीचपर्यंत जा. पिवळ्या बागेवर अडीच मारू नका, काड्या वाळतील. आणि बरं झालं विचारलंत."

दीड ते अडीच. दीड म्हणणारे आणि अडीच म्हणणारे, सगळेच बरोबर ऐकत होते, अर्धं अर्धं. मुबशिरानं दोन आकड्यांमध्ये प्रश्नचिन्हं घातली होती, तिथं खरा शब्द 'ते' होता. पन्नासदा ऐकूनही तिला तो सुचला नव्हता. तिनं तो मेसेज जसाच्या तसा गटावर टाकला आणि द्वारकाबाईंना फोन लावला.

फोन वाजत राहिला. उचलला तेव्हा मागं पंपाचा आवाज होता.

"आक्का! मारलं का?"

"बॅरलात पाणी भरलंय. औषध माझ्या हातात हाय. पंपवाला बोंबलतोय."

"पानं कशी आहेत?"

"पिवळीजर्द. हात लावला की गळत्यात."

"मग दीड. लिटरला दीड मिली. दोनशेच्या बॅरलाला तीनशे. मॅडमचा आवाज पाठवलाय, स्वतः ऐका आणि मगच ओता."

"आणि मी पाचशे मोजून धरलं हुतं," द्वारकाबाई म्हणाल्या. "दिग्विजयच्या कागदापरमानं. तुझा कंस बघून हात हुत न्हवता, म्हणून उभी हुते."

फोन ठेवल्यावर मुबशिरा स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. झेरॉक्सला आलेला म्हातारा बिचारा बाहेरच थांबला.

दिग्विजयनं दुपारी आपली सुबक प्रत गटावरून काढून टाकली. माफी वगैरे त्याच्या स्वभावात नव्हती. फक्त एक मेसेज आला, 'पुढल्या वेळी मोबाइल टेबलावर ठेवतो. फेब्रुवारीचं व्याख्यान तुमीच करा.'

पंधरा दिवसांनी द्वारकाबाई दुकानात आल्या. पिशवीत तिळगुळाचा डबा होता. बाग स्वच्छ गळाली होती, काड्यांवरचे डोळे फुगायला लागले होते, पहिलं पाणी दिलं होतं. त्यांना ठिबकच्या अर्जाचा कागद करायचा होता. मुबशिरानं संगणकावर कोरा नमुना उघडला. अर्जदाराचे नाव. तिची बोटं आपोआप 'द्रौपदाबाई ऊर्फ' एवढं टाइप करून गेली आणि थांबली.

"आक्का," ती पडद्याकडं बघतच म्हणाली, "हे द्रौपदाबाई मी घातलंय. त्या यादीवर शाई होती. मला नाव लागलं नव्हतं. मी अंदाज टाकला."

बाहेर कुणीतरी विचारत होतं, झेरॉक्स चालू आहे का. द्वारकाबाईंनी पिशवीतून ती टिपणीची छापून घेतलेली प्रत काढली, चौघडी घातलेली, घामानं मऊ पडलेली. उघडून टेबलावर ठेवली. कंसावर बोट ठेवलं.

"तीन वर्सं मी त्या पायऱ्या चढले, पोरी," त्या म्हणाल्या. "डाळिंबासाठी कंस टाकलास. मग माझ्या नावाला तवा का न्हाय टाकलास?"

द्वारकाबाईंनी कागदाची पुन्हा चौघडी केली, पिशवीत ठेवली आणि स्टूल ओढून पडद्यासमोर बसल्या.

"लिव्ह आता," त्या म्हणाल्या. "आणि ह्या बारीला मी वाचून बघनार हाय."